झोपेची फाईल: आई, धाकटा आणि बाजूचे काका

६ जानेवारी

आजपासून नीट लिहून ठेवते, नाहीतर आधीसारखं होईल, चार दिवस काहीतरी लावायचं आणि मग कशाने फरक पडला तेच कळत नाही. आईला झोप लागायला सव्वा-दीड तास लागतो, दिवाळीपासून हे चाललंय. धाकट्याची शिफ्ट रात्री अकराला सुटते, घरी यायला साडेबारा, आणि मग त्याचं डोकं तीन वाजेपर्यंत चालूच. आमचं घर भांडुपला रेल्वे लाईनच्या बाजूला, लोकल थांबल्या तरी मालगाड्या असतातच, आणि समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट सुरू आहे म्हणून सकाळी आठला ड्रिलिंग, म्हणजे उशिरा झोपून भरपाई करायची सोय नाही.

दोघांनाही लोकांनी सांगून झालंय की "स्लो म्युझिक लाव" आणि "एएसएमआर बघ", म्हणजे कुजबुज, टकटक असल्या बारीक आवाजांचे व्हिडिओ. दोघांनी लावलं. आईला उलट जास्त जाग आली, धाकट्याला दोन रात्री छान झोप लागली मग बंद. मी डबिंग स्टुडिओत साउंड एडिटिंग करते, आवाज हेच माझं काम, तर म्हटलं बघूया कोणाला काय चालतं आणि का.

पद्धत साधी ठेवलीये. उशीजवळ वही. रात्री घड्याळ बघायचं नाही, कारण किती वाजले हे बघत बसलं की त्यानेच झोप उडते. सकाळी उठल्यावर अंदाजाने तीन गोष्टी लिहायच्या: दिवा कधी बंद केला, झोप लागायला साधारण किती वेळ गेला, मध्ये किती वेळा जाग आली. पहिले पाच दिवस काहीच लावायचं नाही, म्हणजे तुलना करता येईल.

११ जानेवारी

पाच रात्री झाल्या. आई: दिवा पावणेअकराला बंद, झोप लागायला ६० ते ९० मिनिटं, मध्ये दोनदा जाग. धाकटा: एकला आडवा होतो, झोप साधारण पावणेतीनला, एकदा लागली की सकाळपर्यंत उठत नाही. म्हणजे दोघांचाही त्रास झोप लागण्याचाच आहे, आणि ऐकण्याच्या गोष्टींचा उपयोग होऊ शकतो तो इथेच. आईची मधली जाग वेगळा विषय आहे, त्यावर या सगळ्याने काही होईल असं मी धरून चालत नाहीये.

१२ जानेवारी

रविवार, सगळे घरी, म्हणून दुपारी एएसएमआरची चाचणी घेतली. मुद्दाम दिवसा घेतली कारण रात्री माणूस थकलेला असतो, व्हिडिओमुळे डोळे मिटले की थकव्यामुळे हे कळत नाही. चार प्रकार, प्रत्येकी पाच मिनिटं, हेडफोन लावून: कुजबुजत बोलणं, नखांनी लाकडावर टकटक, कागद-प्लास्टिकचा चुरचुर आवाज, आणि केस कापण्याचं नाटक जिथे समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघून "तुमचे केस विंचरतोय" असं हळू आवाजात बोलतो. हेडफोन गरजेचे आहेत कारण हे रेकॉर्डिंग दोन कानांसाठी दोन माइक लावून केलेलं असतं, कात्री उजव्या कानामागून डाव्या कानामागे जाते ते फोनच्या स्पीकरवर कळतच नाही.

आता निकाल. धाकटा केस कापण्याच्या व्हिडिओला दीड मिनिटात गप्प झाला. म्हणाला मानेच्या मागून डोक्यात मुंग्या येतात, खांद्यापर्यंत उतरतात, "ताई, लहानपणी आजी तेल लावायची ना, सेम तसं". हीच ती गोष्ट. एएसएमआर हे नावच २०१० साली अशा मुंग्या जाणवणाऱ्या लोकांमधल्या एकीने दिलं, आणि २०१५ मध्ये यावर पहिला मोठा सर्व्हे आला, ४७५ लोकांचा, त्यात ८२ टक्के लोक हे झोपेसाठी वापरतात असं निघालं. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण ते ४७५ जण मुळातच एएसएमआर बघणारे होते! त्यावरून रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला हे चालेल असं अजिबात म्हणता येत नाही. २०१८ च्या एका अभ्यासात मुंग्या येणारे आणि न येणारे दोघांना तेच व्हिडिओ दाखवले, तर मुंग्या येणाऱ्यांचे हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी तीनेकने खाली आले, न येणाऱ्यांपेक्षा जास्त. म्हणजे व्हिडिओ तोच, पण ऐकणाऱ्याच्या शरीरात ते आहे की नाही यावर सगळं अवलंबून.

आईला कुजबुज लावली तर ती उठून बसली. "काय म्हणतेय ती? मोठ्याने बोल की." मराठीत असती तरी तेच झालं असतं असं मला वाटतं, कारण कोणी कुजबुजलं की आपल्यापासून काहीतरी लपवतायत अशीच आपली सवय, कान टवकारलेच जातात. टकटकीला म्हणाली दार वाजतंय. मुंग्या कशालाच नाहीत.

आणि मी, मला तोंडाच्या आवाजाने चक्क राग येतो. जीभ टाळूला चिकटून सुटते तो बारीक चिकट आवाज डबिंगमधून काढून टाकणं हे माझं रोजचं काम आहे आणि इथे तो मुद्दाम ठेवलाय, माइक आणखी जवळ नेऊन. पाच मिनिटं संपायच्या आधी जबडा आवळला होता माझा. ज्यांना जेवतानाच्या मचमच आवाजाची चीड येते त्यांनी हे रात्री करून बघू नये, आधी दिवसा बघावं. गंमत म्हणजे धाकट्यालाही मचमच आवडत नाही, पण कात्री आणि कंगवा चालतो. मुंग्या येणाऱ्यांमध्येही एका आवाजाने सुख आणि दुसऱ्याने चीड असं एकत्र सापडतं, त्यामुळे "एएसएमआर चालतं का" असा एकच प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कुठला आवाज ते विचारायला हवं.

ठरलं. धाकटा एएसएमआर, आई संगीत.

१४ जानेवारी

धाकट्याची पहिली रात्र नीट, दुसऱ्या रात्री पंचाईत. व्हिडिओ संपला आणि ॲपने आपोआप पुढचा लावला, त्याच्या सुरुवातीला ढॅणढॅण म्युझिक, साडेतीनला उठून बसला. त्याच्याआधी मध्येच एक जाहिरात पण आली होती. कुजबुजीचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवून ठेवतो आणि जाहिरात मात्र नेहमीच्या लेव्हलची असते, म्हणजे कानात ओरडल्यासारखीच. आता ऑटोप्ले बंद, त्याने आवडलेले तीनच व्हिडिओ ऑफलाइन घेतलेत, स्क्रीन बंद करून फक्त आवाज, फोन उपडा टेबलावर. चित्राची त्याला गरज वाटत नाही, कात्रीचा आवाज पुरतो.

तो कुशीवर झोपतो म्हणून इअरबड कानात रुततात. कपाळाला बांधायची कापडी पट्टी मिळते ज्यात चपटे स्पीकर असतात, ती आणली.

१५ जानेवारी

आईसाठी पहिला प्रयत्न, एका तयार "स्लीप" प्लेलिस्टमधला पावसाचा आवाज आणि पियानो. पियानो हळू होता, १५ सेकंदात टाळ्या मोजून चारने गुणलं तर ६४ बीपीएम आले, म्हणजे अभ्यासांमध्ये वापरतात त्या ६० ते ८० च्या पट्ट्यात बरोबर.

वीस मिनिटांनी आई उठून खिडकी बघून आली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली "काही नाही, बघून आले". मग हळूहळू बोलली. २६ जुलैला, २००५ च्या, आम्ही तळमजल्यावर राहायचो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला होता. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले, आणि आई रात्रभर मला आणि धाकट्याला घेऊन ओट्यावर बसली होती. तिच्यासाठी संथ, एकसारखा पडणारा पाऊस म्हणजे पाणी चढतंय. जगभरच्या झोपेच्या प्लेलिस्टमध्ये पाऊस असतोच, आणि मुंबईत किती घरांमध्ये आईसारखं कोणी असेल. फाईल डिलीट केली.

१७ जानेवारी

मग तिच्या आवडीकडे वळले. भावगीतं नकोत हे मला आधीच कळायला हवं होतं, तिने त्या रात्री मनात गाणं म्हटलं. म्हणून त्याच चालींचं बासरीवरचं वादन लावलं, शब्द नाहीत म्हणजे बरं, असं वाटलं. ते आणखी वाईट निघालं! सकाळी म्हणते "रात्री तीनला जाग आली तर दुसरं कडवं चालू होतं डोक्यात". २०२१ मध्ये एका झोपेच्या लॅबमध्ये नेमकं हेच दिसलं होतं, प्रसिद्ध गाण्यांचं शब्द काढून टाकलेलं वादन झोपायच्या आधी ऐकवलं तर गाणं डोक्यात अडकून राहण्याचं प्रमाण मूळ गाण्यापेक्षा जास्त, आणि ज्यांच्या डोक्यात अडकलं त्यांची झोप वाईट. मला हे पटतं, वाद्य नुसती चाल वाजवतं आणि शब्द भरायचं काम मन करत बसतं. तर ओळखीची चाल नको, शब्द असो वा नसो.

१९ जानेवारी

आज ख्याल. मला स्वतःला विलंबित एकतालाने वीस मिनिटांत झोप लागते म्हणून खूप आशा होती.

आधी टेम्पोबद्दल एक गोष्ट, कारण यात मी अर्धा दिवस घालवला. अतिविलंबितात एक मात्रा साधारण चार सेकंदांची, बारा मात्रांचं आवर्तन म्हणजे ४८ सेकंद. खऱ्या अर्थाने हे १५ बीपीएम झालं. पण सॉफ्टवेअर त्याच रेकॉर्डिंगला ६० दाखवत होतं, कारण तबलजी प्रत्येक मात्रेत चार ठोके भरतो आणि सॉफ्टवेअर ते ठोके मोजतं. प्लेलिस्टवर "६० बीपीएम" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नये तो यासाठी, उलटही होतं, १२० चं गाणं ६० म्हणून लागतं. कानाने टाळी देऊन मोजावं.

आईने आठ वर्षं गाणं शिकलंय. सकाळी वहीत झोप लागायला १०० मिनिटं, म्हणजे काही न लावता लागतात त्यापेक्षा जास्त. "समेची वाट बघत राहते गं, मुखडा आला की बरं वाटतं आणि परत पुढच्या समेची वाट." सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. आणि विलंबित संपून द्रुत सुरू झाल्यावर, तो आवाज मी बाहेरच्या खोलीतून ऐकला, ताना सुरू झाल्यावर ती पुरती जागी. मैफिलीचं रेकॉर्डिंग होतं, शेवटी टाळ्या. ख्याल हा झोपेसाठी बांधलेलाच नाही, तो वाढत जातो. मला चालतो कारण मी तालात कच्ची आहे, मला सम कधी आली कळतच नाही.

म्हणजे तिच्यासाठी काय नको याची यादी झाली: शब्द, चाल, ताल, सम, पाऊस. उरला फक्त तानपुरा.

२१ जानेवारी

आईचा तानपुरा खोळीत पडून होता, दोन वर्षं तरी कोणी हात लावला नसेल. काढला. तारा बदलल्या, पंचम, दोन जोड, खर्ज. काळी चारला लावला, तिचा पट्टी सूर. रात्री दोनला रेकॉर्ड केला, लोकल थांबल्यावर आणि पंखा बंद करून, तरी एक मालगाडी आलीच म्हणून दोन तुकडे झाले. बारा मिनिटं सलग वाजवला. तीन मिनिटांचा तुकडा पुरला असता पण तोच तोच लूप कानाला कळतो, कुठेतरी एक तार जोरात छेडलेली असते आणि दर तीन मिनिटांनी ती परत आली की मन तिची वाट बघायला लागतं. म्हणजे परत समच झाली!

पहिलं ऐकलं तर जवारी फार उघडी होती, फोनच्या छोट्या स्पीकरवर नुसता झणझणाट. तारांखालचा दोरा किंचित सरकवून परत घेतला, आणि वरचा भाग फिल्टरने कापणार आहे.

२३ जानेवारी

आवृत्ती २ फसली, आणि का फसली ते लिहून ठेवते कारण दुसऱ्या कोणी केलं तर हीच चूक होईल. मला हवं होतं की अर्धा तास एकसारखा आवाज आणि मग पुढच्या पंधरा मिनिटांत हळूहळू शून्यावर यावा, कारण आवाज एकदम थांबला तरी माणूस जागा होतो, पंखा बंद पडल्यावर होतो तसा. आई म्हणाली "जाता जाता परत मोठा होतो गं". फाईल उघडून पाहिली तर खरंच. मी आधी फेड लावला होता आणि मग लाउडनेस सारखा करणारा फिल्टर, तो फिल्टर बिचारा आवाज कमी होतोय म्हणून वर ढकलत होता. क्रम उलटा केला:

```
ffmpeg -stream_loop -1 -i tanpura.wav -t 2700 \
  -af "lowpass=f=4000,loudnorm=I=-26:TP=-3:LRA=4,afade=t=out:st=1800:d=900" \
  -ar 44100 aai_zop_v3.mp3
```

एकूण २७०० सेकंद म्हणजे ४५ मिनिटं, ३० व्या मिनिटाला फेड सुरू. पंचेचाळीस का, तर २००८ च्या एका अभ्यासात ९४ विद्यार्थ्यांपैकी एका गटाला रोज झोपताना ४५ मिनिटं शांत संगीत दिलं, दुसऱ्या गटाला ऑडिओबुक, तिसऱ्याला काहीच नाही, तीन आठवडे. झोप सुधारली ती संगीतवाल्यांची. सगळ्यात महत्त्वाचं मला तीन आठवडे हे वाटतं. लोक दोन रात्री लावून "मला नाही चालत" म्हणतात.

आवाज किती ठेवायचा, तर आईला पंख्याच्या वर जेमतेम ऐकू येईल इतका. स्पीकर उशीजवळ नाही, कपाटावर.

३० जानेवारी

आठवडा झाला. आई: ७०, ८०, ६०, ७५, ५०, ५५, ५० मिनिटं. पहिल्या चार रात्री काही म्हणजे काही नाही. मी धीर सोडून अजून एक आवृत्ती करायला घेणार होते, आईच म्हणाली राहू दे, आवडतंय मला, आपलाच तानपुरा आहे.

धाकट्याचं उलट. पहिले दहा दिवस पंचवीस मिनिटांत झोप, आता परत तास. मुंग्याच येत नाहीत म्हणतो. हे एएसएमआरवाल्यांमध्ये नेहमीचं आहे, तेच तेच रोज ऐकलं की परिणाम बोथट होतो. चार दिवस पूर्ण बंद, मग वेगळा आवाज. तोपर्यंत त्याला तानपुऱ्याची फाईल दिली तर म्हणतो बोअर होतं, डोकं परत ऑफिसात जातं.

२ फेब्रुवारी

बाजूचे काका मागच्या आठवड्यात आले होते. काकूंनी त्यांना सांगितलं असणार, म्हणाले "मला पण द्या तुमची फाईल". मी त्यांना वही भरायला दिली पाच दिवस, काहीही न देता. आज वही आणली: झोप लागायला ५ मिनिटं, ५ मिनिटं, लगेच. जाग "आठवत नाही". पण दुपारी जेवल्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो, सकाळी डोकं जड. काकूंना विचारलं रात्री काय होतं, तर त्या म्हणाल्या घोरतात, मग मध्येच एकदम गप्प होतात, मी मोजते, मग हापकल्यासारखं करून परत घोरायला लागतात.

यांना कुठलीही प्लेलिस्ट देऊन उपयोग नाही. झोप लागतेच आहे, ती आत तुटतेय, श्वास अडकतोय असं दिसतंय. मी फाईल दिली नाही, काकांना थोडं वाईट वाटलं. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप स्टडीचं विचारा असं सांगितलं आणि काकूंना म्हटलं एकदा मोबाईलवर दोन मिनिटं त्या घोरण्याचा आणि गप्प होण्याचा व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा ते दाखवा.

६ फेब्रुवारी

धाकट्याने परत सुरू केलं, या वेळी कंगवा आणि ब्रश. मुंग्या परत आल्या. आता आठवड्यात चारच रात्री ऐकायचं असं त्याने स्वतः ठरवलंय, शिफ्टच्या दिवशी. बाकीच्या रात्री काहीच नाही.

काकूंनी व्हिडिओ घेतला, मंगळवारची अपॉइंटमेंट आहे.

१३ फेब्रुवारी

आईचे तीन आठवडे पूर्ण. शेवटच्या सात रात्री ४५, ३५, ४०, ३०, ७०, ३५, ३५. ती ७० ची रात्र म्हणजे समोर लग्नाची वरात होती, बेंजो साडेअकरापर्यंत, त्यावर कपाटावरचा तानपुरा काय करणार. मधली जाग अजून दोनदाच, पहाटे चारची तर ठरलेली. २०२२ मध्ये १३ चाचण्या, सगळ्या मिळून १००७ माणसं, एकत्र करून बघितल्या तेव्हाही लोकांना स्वतःला जाणवणारी झोप सुधारलेली दिसली, आईचंही जाणवण्यापुरतं खरं आहे, मी तिच्या डोक्याला तारा लावून मोजलेलं नाही. चारच्या जागेचं डॉक्टरांना विचारायचंय, तिची बीपीची गोळी संध्याकाळची आहे आणि उठल्यावर बाथरूमला जाते, त्याचा संबंध असेल तर तेच सांगतील.

काल तिने सांगितलं की फेड कुठे सुरू होतो ते तिला आता कळत नाही. आणि दुपारी मी कामावरून लवकर आले तर तानपुरा खोळीबाहेर होता, पंचमाची तार थोडी उतरली होती, ती लावत बसली होती. म्हणाली जोड आणि पंचम जरा भांडतायत तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये, रविवारी परत करू.

आवृत्ती ४ रविवारी रात्री दोनला. वाजवणार ती.